जे आधी घडेल ते

शिंदखेड्याच्या बँकेत कर्जाच्या टेबलावर आधारभाऊ पाटील बसायचे तेव्हा लोकांना बँकेची भीती वाटत नसे. हे त्यांच्या तोंडावर कुणी म्हटलं की ते हात झटकायचे, पण मनातून फुलायचे. साहेब लोक बदलून येत आणि बदलून जात. एक नागपूरचा, एक पुण्याचा, एक तर थेट मद्रासकडचा. कोपऱ्यातल्या टेबलावर मात्र आपला माणूस असे. तो इंग्रजी फॉर्म पुढे ओढायचा आणि त्यातली चार पानं अहिराणीत दोन वाक्यांत सांगून टाकायचा. समोरच्याने मान हलवली की फुल्या मारलेल्या ठिकाणी सह्या. एवढ्यात काम संपायचं.

चार पानांची दोन वाक्यं करताना काहीतरी गळणारच. काय गाळायचं, हे आधारभाऊ स्वतःच ठरवत. त्याचं कारणही तसं होतं. एकदा भिकन महाजन नावाचा सायकल दुरुस्तीवाला पोराच्या पॉलिटेक्निकसाठी कर्ज मागायला आला होता. तेव्हा आधारभाऊ नवे होते. त्यांनी त्याला फॉर्ममधलं कलम अन् कलम समजावलं: व्याज कसं चढतं, हप्ते थकले तर जामीनदाराला कसं धरतात, कोर्ट कुठं येतं. भिकनने सगळं ऐकून घेतलं, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि ‘इचारीसन येस’ म्हणून गेला तो पुन्हा आलाच नाही. त्याचा पोरगा पुढे दुकानातच पंक्चर काढायला बसला. आधारभाऊंना ते फार लागलं. माणसाला घाबरवायचं नाही, कागद बँकेचा असला तरी तोंड आपलं आहे, असं त्यांनी तेव्हापासून ठरवून टाकलं.

सत्त्याऐंशीच्या जुलैत वना शिरसाठ आला. नरडाण्याच्या रेल्वे स्टेशनात तो गँगमन होता, रुळावर काम करून काळाठिक्कर पडलेला, अंगाने काटकुळा. बरोबर मुलगी होती, प्रमिला. बारावीला तिने असे गुण मिळवले होते की जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिला इलेक्ट्रिकलला प्रवेश मिळाला होता. त्यांच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली मुलं होती, पण इंजिनिअर अजून कुणी झालं नव्हतं, मुलगी तर नाहीच. वर्षाला चार हजार, चार वर्षांचे सोळा हजार, एवढं कर्ज मंजूर होणार होतं. जामीनदार म्हणून वनाचा मेहुणा पुना सपकाळे. तो वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत कायम होता, म्हणजे बँकेच्या दृष्टीने सोन्यासारखा माणूस.

वना खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. त्याच्या हाताला घाम सुटला होता, हे आधारभाऊंनी पाहिलं. त्यांना भिकन आठवला.

“भाऊ, पैसा कवय भरना पडतीन?” वनाने विचारलं.

“पोर नोकरीले लागू दे. लागनी का सहा महिनामा हप्ता सुरू,” आधारभाऊ म्हणाले. “तवलोंग बँक तुले एक पैसा मांगाव नही. घोर करू नको.”

वनाचा चेहरा उजळला. प्रमिलाने तेवढ्यात फॉर्म स्वतःकडे ओढून वाचायला सुरुवात केली होती. बोट ठेवून, सावकाश, एकेक ओळ. मागे माणसं उभी होती. आधारभाऊंनी हसून कागद तिच्याकडून घेतला. “वाचत काय बसनी, माय? मी शे ना. तू अभ्यास कर, कागद मी सांभायस.” तीही हसली आणि फुली मारलेल्या जागी तिने सही केली.

सातवं कलम दुसऱ्या पानावर होतं. परतफेड सुरू होणार नोकरी लागल्यापासून सहा महिन्यांनी, किंवा शिक्षण संपल्यापासून एका वर्षाने, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून. आठवं कलम व्याजाचं: दर साल दर शेकडा साडेबारा. शिकण्याच्या काळात हप्ता नसला तरी व्याज चढत राहणार आणि दर तीन महिन्यांनी मुद्दलात मिळणार. नववं त्याहून साधं होतं. घरच्यांची इच्छा असेल तर त्यांनी हे व्याज वेळच्या वेळी भरावं, म्हणजे मुद्दल आहे तेवढंच राहील. आधारभाऊंना ही तिन्ही कलमं तोंडपाठ होती. त्यांतलं त्यांनी अर्धं सातवं तेवढं सांगितलं.

त्याच दिवशी वनाने आणखी एक काम केलं. मुलीच्या लग्नासाठी म्हणून त्याने शंभर रुपये महिन्याचं आवर्ती खातं उघडलं, पाच वर्षांचं. त्यावर दहा टक्के व्याज मिळणार होतं. मग पगार झाला की वना पॅसेंजरने शिंदखेड्याला यायचा, शंभराची नोट भरायचा, शिक्का मारलेली पावती चार घड्या करून खिशात ठेवायचा आणि आधारभाऊंच्या टेबलाशी येऊन विचारायचा, “पोरनं बठ्ठं बराबर शे ना, भाऊ?”

“बराबर शे,” आधारभाऊ म्हणायचे.

खोटं तरी कसं म्हणायचं त्याला? बँकेच्या हिशेबाने सगळं बरोबरच होतं. दर तिमाहीला आधारभाऊ स्वतःच्या हाताने प्रमिलाच्या खात्यावर व्याज लिहीत. पहिल्या वर्षी ते महिन्याला बेचाळीसच्या आसपास पडत होतं. जो माणूस दर महिन्याला शंभर रुपये घेऊन खिडकीशी उभा राहत होता, त्याला एवढंच सांगायचं होतं की यातले बेचाळीस इकडे भर. पण ते सांगायचं तर ‘एक पैसा मांगाव नही’ हे आपलंच वाक्य गिळावं लागणार होतं. पुढच्या महिन्यात सांगू, असं आधारभाऊ म्हणत राहिले. माणूस स्वतःशी किती लाघवी बोलू शकतो, याला सीमा नाही. चार वर्षांत असे अठ्ठेचाळीस पुढचे महिने आले आणि गेले.

एक्याण्णवच्या जुलैत दोघं पेढे घेऊन आली. प्रमिला पहिल्या वर्गात पास झाली होती. वनाने शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. आधारभाऊंना दोन दिले. चष्म्याच्या आत त्यांचे डोळे खरोखर भरून आले. पोर जणू त्यांच्याच घरातली इंजिनिअर झाली होती.

प्रमिला आता शहरी बोलायची, पण नजर तीच होती, बोट ठेवून वाचणारी. ती म्हणाली, “काका, जळगावला पंपांच्या मोटारी बनवणाऱ्या एका कारखान्यात मला बोलावलंय. एक ऑगस्टपासून. चौदाशे देतील. दुसरीकडे वीज मंडळाची भरती निघणार म्हणतात, दीपनगरला जागा आहेत. तिथं पगार दुप्पट. कारखान्याची घेतली तर हप्ता कधीपासून?”

“सहा महिन्यांनी. फेब्रुवारीपासून.”

“किती येईल?”

आधारभाऊंनी कागदावर आकडे मांडले. “पाचशेच्या थोडा वर.”

चौदाशेतून पाचशे, वर खोलीचं भाडं, खानावळ. प्रमिलाने मनात हिशेब केलेला दिसला. मग तिने विचारलं, “आणि नोकरी घेतलीच नाही अजून, मंडळाची वाट पाहिली, तर?”

आता सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं: बाळ, तरी पुढच्या जुलैपासून भरावंच लागेल. पण समोर वना पेढ्यांचा पुडा धरून उभा होता, आनंदाने नुसता निथळत होता. त्याच्या देखत म्हणायचं की चार वर्षांपूर्वी मी तुला अर्धंच सांगितलं? की सोळा हजारांचे आता बावीस हजार झालेत? मंडळाची भरती तर आज ना उद्या निघणारच, पोर हुशार आहे, सहा महिन्यांत लागेल, मग कशाला आनंदात मिठाचा खडा? आधारभाऊ हसले.

“नोकरी नाही तर बँक घेणार कुठून?” ते म्हणाले.

“मंग मंडयनी वाट देखूत,” वना म्हणाला. “घाई कसानी शे?”

प्रमिलाने जळगावला नकाराचं पत्र पाठवलं.

मंडळाची भरती ऑगस्टात निघणार होती, मग दिवाळीनंतर, मग भरतीवरच बंदी आल्याची बातमी आली. प्रमिला घरी आईला, केसरबाईला, मदत करत राहिली. वस्तीतल्या पोरांना गणित शिकवायची, त्याचे पैसे घ्यायची नाही. वना दर महिन्याला शंभर रुपये भरायला येई तेव्हा आधारभाऊ हल्ली टेबलाच्या खणात काहीतरी शोधत असत.

ब्याण्णवचा जुलै उजाडला. शिक्षण संपल्याला वर्ष झालं होतं. नव्या साहेबाने खतावणी चाळली आणि नियमाप्रमाणे पत्रं काढली, एक कर्जदाराला, एक जामीनदाराला. आधारभाऊंनीच ती टाइप केली. येणे बाकी चोवीस हजार आठशे पन्नास, हप्ता पाचशे साठ. त्यांच्या बोटांना टाइपरायटर इतका जड कधी लागला नव्हता.

वरणगावला पुना सपकाळेच्या हातात पत्र पडलं ते कारखान्यात, चार माणसांच्या देखत. जामीनदार म्हणून केलेली सही तो केव्हाच विसरला होता. पोरगी नोकरीला लागेपर्यंत काही नाही, असं वनानेच त्याला सांगितलं होतं. रविवारी तो नरडाण्याला आला आणि अंगणात उभा राहून बहिणीसमोर म्हणाला की तुम्ही माझं तोंड काळं केलं. पाणीसुद्धा न पिता गेला. केसरबाईने त्या दिवशी चूल पेटवली नाही.

सोमवारी बाप-लेक बँकेत आले. वना बसला नाही. प्रमिला बसली आणि म्हणाली, “काका, मी सही केलेला फॉर्म बघायचाय.”

आधारभाऊंनी फाईल काढली. तिने पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं, आणि तिचं बोट सातव्या कलमावर थांबलं. तिथून आठव्यावर, नवव्यावर गेलं आणि परत सातव्यावर आलं. भिंतीवरचा पंखा कुरकुरत होता. कुणीतरी खिडकीवर चलन मागत होतं.

“हे तुम्हाला माहीत होतं?” तिने विचारलं.

“होतं.”

“पहिल्या दिवशी?”

“पहिल्या दिवशी,” आधारभाऊ म्हणाले. “आणि गेल्या वर्षी पेढे आणलेस तेव्हाही.”

त्यांना वाटलं ती ओरडेल. पण तिने टेबलावरचं पेन घेतलं आणि फॉर्मच्या पाठीवर नव्हे, आपल्या तळहातावर दोन तारखा लिहिल्या. “एक ऑगस्टला रुजू झाले असते तर हप्ता फेब्रुवारीत सुरू झाला असता. नाही झाले, तर जुलैत झाला.” तिने वडिलांकडे पाहिलं. “पाच महिने, अण्णा. ती नोकरी सोडून आपण पाच महिने मिळवले.”

वनाला पाच महिन्यांचं गणित कळलं की नाही कोण जाणे. त्याला दुसरंच लागलं होतं. नववं कलम आणि पहिल्या वर्षीचं महिन्याचं व्याज मुलीने त्याला अहिराणीत सांगितलं तेव्हा तो आधारभाऊंकडे वळला.

“बेचाळीस रुप्या, भाऊ?” तो म्हणाला. “मी दर महिनाले आठेच ते उभा राहू. तुमना समोर.”

“तू घाबरी जाशी, असं वाटनं माले,” आधारभाऊ कसंबसं बोलले.

“घाबरतू मी,” वना शांतपणे म्हणाला. “घाबरीसन बी भरतू.”

घाबरला असता, तरी भरलं असतं; त्यापेक्षा त्याने शिवी दिली असती तर आधारभाऊंना सोसली असती. त्यांनी खालमानेने म्हटलं की पहिले दोन हप्ते मी भरतो, माझ्या पगारातून. वनाने नुसती मान हलवली, नको म्हणून. मग त्याने आवर्ती खात्याचं पुस्तक काढलं. पाच वर्षं त्याच महिन्यात पुरी होत होती. सात हजार सातशे जमले होते. लग्नाचे ते पैसे त्याने उभ्याउभ्या कर्जात वळते करायला सांगितले. बाकी राहिली सतरा हजारांवर, आणि साहेबाने हप्ता तीनशे नव्वदवर आणून दिला. त्या वळत्या करण्याच्या चिठ्ठीवर वनाची सही आधारभाऊंनीच घेतली.

प्रमिला दुसऱ्या दिवशी जळगावला जाऊन आली. कारखान्यातली जागा केव्हाच भरली होती. मग तिला धुळ्याला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम मिळालं, सहाशे रुपयांवर. दुकानाचा मालक, मोतीलाल नावाचा, आधी बिचकला. बाई माणूस तांब्याच्या तारा गुंडाळणार? पण पंधरा दिवसांत त्याने हिशेबाची आणि तपासणीची सगळी कामं तिच्याकडे दिली. हप्ता एकदाही चुकला नाही. पाच तारखेच्या आत तीनशे नव्वद जमा होत. चलन भरायला वना येई, पण कर्जाच्या टेबलाशी मात्र तो येत नसे. खिडकीवर पैसे भरून परस्पर निघून जाई. आधारभाऊ त्याची पाठ बघत.

पुढे त्यांना झोप लागेना वगैरे काही झालं नाही. लागायची झोप. पण बँकेत कुणी म्हटलं की आधारभाऊंकडे कागद सोपा होतो, तर ते लगेच विषय बदलायचे.

त्र्याण्णवच्या जानेवारीत एका शनिवारी सकाळी पेपर उघडला आणि ते खुर्चीतून उठलेच. वीज मंडळाची जाहिरात! कनिष्ठ अभियंता, इलेक्ट्रिकल, जागा बावीस, दीपनगरसह. पदवी हवी, पहिला वर्ग असल्यास प्राधान्य. अर्जासोबत पन्नास रुपयांचा डिमांड ड्राफ्ट. आधारभाऊंनी बँक उघडल्या उघडल्या स्वतःच्या खिशातून पन्नास रुपये आणि वरचं कमिशन भरून ड्राफ्ट काढला. साहेबाची सही घेतली. फेडीचा रस्ता सापडला होता. हप्ता नको म्हणाला वना, पण हे कसं नको म्हणेल? पोर दीपनगरला लागली की चौदाशेचा पंपाचा कारखाना कोण आठवत बसणार आहे?

रविवारी प्रमिला घरी असते हे त्यांना ठाऊक होतं. सकाळच्या पॅसेंजरने ते नरडाण्याला उतरले आणि विचारत विचारत वस्तीत गेले. सहा वर्षांत ते या घरी पहिल्यांदाच येत होते. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांची फळी, खाटेवर धुतलेली गोधडी. वनाने ‘या’ म्हटलं. त्याने त्यांना दारातून परत पाठवलं नाही, एवढ्यानेच आधारभाऊंना भरून आलं. केसरबाईने पाणी दिलं.

“निंघनी!” त्यांनी पेपर प्रमिलापुढे धरला. “बावीस जागा! आणि हा ड्राफ्ट. तू फक्त अर्ज भर.”

प्रमिलाचे डोळे क्षणभर असे चमकले की आधारभाऊंना बारावीतली पोर दिसली. केसरबाई चुलीपासून उठून दारात आली. वना खाटेवरून पुढे सरकला. प्रमिलाने पेपर मांडीवर पसरला आणि वाचायला सुरुवात केली. बोट ठेवून, सावकाश, एकेक ओळ. पदाचं नाव, पगार, वय, पात्रता. आधारभाऊ तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते, म्हणून बोट थांबलं ते त्यांना आधी तिच्या चेहऱ्यावर कळलं.

“काय व्हयनं, पोर?” वनाने विचारलं.

तिने वाचून दाखवलं. जाहिरातीच्या शेवटी, अर्ज कुठं पाठवायचा त्याच्या वर, बारीक अक्षरात होतं: कारखान्यातील किमान एक वर्षाचा अनुभव आवश्यक, त्याशिवाय आलेले अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत.

धुळ्याच्या दुकानात तिला पाच महिने झाले होते, आणि ते दुकान काही कारखाना नव्हतं. जळगावला गेली असती तर या महिन्याअखेर दीड वर्ष पुरं झालं असतं. हे गणित कुणी बोलून दाखवलं नाही. घरात चौघं होती आणि चौघांनी ते मनात केलं. केसरबाई तशीच चुलीकडे परत गेली.

आधारभाऊंना काहीतरी म्हणायचं होतं. माफ कर, म्हणायचं होतं. तेही त्यांना धड जमलं नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की वर बघवेना.

प्रमिलाने पेपराची घडी घातली. ड्राफ्ट उचलून दिव्याकडे धरावा तसा उजेडात धरून पाहिला आणि त्यांच्या हातात परत दिला.

“हा रद्द होतो ना, काका? पैसे परत मिळतील तुम्हाला?”

“होतो,” आधारभाऊ म्हणाले. मग ते सांगायला लागले. ज्याने ड्राफ्ट काढला त्यानेच अर्ज द्यावा लागतो. मूळ ड्राफ्ट पाठीमागे सही करून परत करावा लागतो. ज्या शाखेतून काढला तिथंच तो रद्द होतो, दुसरीकडे नाही. काढतानाचं कमिशन परत मिळत नाही, आणि रद्द करण्याचा आकार वेगळा कापतात. उशीर झाला तरी पैसे बुडत नाहीत, पण सहा महिने उलटले तर आधी मुदत वाढवून घ्यावी लागते. एकही गोष्ट त्यांनी गाळली नाही.

प्रमिला आणि वना शेवटपर्यंत ऐकत राहिले, जणू ते सगळं त्यांनाच लागू होतं.